एका फोटोखालचे दोन क्यूआर

"ताई, बाइकवरून पडलेल्या पोराच्या ऑपरेशनचं आवाहन आमच्या ग्रुपवर फिरतंय. मागं एकदा असाच फसलो. आता दिले तर मूर्ख ठरतो आणि नाही दिले तर मन खातं. काय करू?"

रावेरकडचे हे निवृत्त गुरुजी. मी म्हटलं, मोबाइल काढा. ग्रुपवर तेच पोस्टर दोनदा आलं होतं. फोटो तोच, मजकूर तोच, खालचे क्यूआर मात्र वेगळे. दोन्ही स्कॅन केले, रक्कम टाकली नाही. तेवढ्यावरच खातेदाराचं नाव दिसतं. पहिल्यावर वेगळ्याच आडनावाचा माणूस निघाला. गुरुजी लगेच म्हणाले, "हे खोटं!" पण तो मुलाचा मामा होता. वडिलांचं बँकेतलं खातं केवायसी अपुरं असलेलं 'छोटं खातं', त्यात वर्षाला एक लाखाच्या वर जमा होत नाही. ही हकीकत वडिलांनी फोनवर सांगितली, पण ती आम्ही त्यांच्या गावच्या पोलीस पाटलांकडून पडताळली. दुसऱ्या क्यूआरवरचं नाव ना घरच्यांना माहीत, ना गावाला. कोणीतरी खऱ्या आवाहनावर आपलं खातं चिकटवलं होतं.

मग एस्टिमेट पाहिलं. नाशिकच्या रुग्णालयाचं, ६ लाख २० हजारांचं. त्यावर तारीख, रुग्णाचा आयपी नंबर म्हणजे भरती झाल्याचा नोंदणी क्रमांक आणि डॉक्टरांची सही होती. आयसीयूचे दिवस वेगळे मांडले होते. नुसती एकच गोल रक्कम लिहिलेली असती, तर मी थांबले असते. पोस्टरवरचा नंबर न वापरता रुग्णालयाच्या वेबसाइटवरून बिलिंग काउंटरचा नंबर घेतला. आजाराची माहिती ते देत नाहीत, देऊही नये. म्हणून गुरुजींनी एवढंच विचारलं, "या आयपी नंबरवर पैसे भरता येतील का?" उत्तर आलं, "हो, पावती रुग्णाच्या नावानं मिळेल."

एस्टिमेट म्हणजे अंदाज, बिल नव्हे. डोक्याच्या दुखापतीत आयसीयूचे दिवस वाढले की आकडाही वाढतो, त्यामुळे रक्कम बदलली म्हणून लगेच संशय घेऊ नये. बघायचं असतं इंटरिम बिल, म्हणजे उपचार चालू असतानाच मिळणारं आजवरचं बिल. मामानं चौथ्या दिवशी "१ लाख ४० हजार जमले" असं टाकलं होतं, पण बिलात "ॲडव्हान्स जमा" समोर ९५ हजार होते. उरलेले ४५ हजार कुठं गेले, हे गुरुजींनी संकोचत विचारलं. बाहेरून आणलेल्या औषधांच्या आणि रक्ताच्या पिशव्यांच्या पावत्या मामानं तासाभरात पाठवल्या. बेरीज ४१ हजारांची झाली. बाकीचे ४ हजार येण्या-जाण्यात आणि डब्यात गेले म्हणाला. मला ते पटलं. नातेवाइकांनाही जेवायला लागतंच.

गुरुजींनी ५ हजार थेट रुग्णालयात भरले आणि पावतीचा फोटो ग्रुपवर टाकला. दुसऱ्या क्यूआरची तक्रार सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर केली. ज्याने ते पोस्टर पुढं ढकललं, तो त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्यालाही ते कुठूनतरी आलेलं. त्यानं स्वतः त्यात २ हजार घातले होते.