डिझेलला ठिणगी का लागत नाही, आणि हीटर प्लग नेमकं काय करतो?

प्रश्न: डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, मग डिझेल पेटतं कसं? आणि थंडीत डॅशबोर्डवरचा तो गुंडाळीच्या चिन्हाचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारू नका असं का सांगतात? ग्लो प्लग म्हणजे डिझेलचा स्पार्क प्लगच ना?

नाही, दोघांची कामं अगदी वेगळी आहेत. स्पार्क प्लग इंजिन चालू असेपर्यंत प्रत्येक चक्रात ठरलेल्या क्षणी ठिणगी टाकतो. ग्लो प्लग, म्हणजे गॅरेजमधला हीटर प्लग, फक्त सुरुवातीला तापतो आणि इंजिनाला ऊब आली की बंद होतो.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल आधीच मिसळलेलं असतं. ते मिश्रण फार दाबलं तर भलत्याच वेळी आपोआप भडकेल, म्हणून दाब मर्यादेत ठेवून पेटवायचा क्षण ठिणगीवर सोपवतात. डिझेल इंजिनात पिस्टन नुसती हवा दाबतो, तीही मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या ते बाविसाव्या भागापर्यंत. सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड गरम होतं, तसंच हे, पण इथे हवा ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. पिस्टन वर पोचत आला की इंजेक्टर त्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारतो. फवाऱ्याची वाफ होते आणि काही क्षणांत ती आपोआप पेट घेते. पेटण्याची वेळ फवाऱ्यानेच ठरते, त्यामुळे ठिणगीला करायला काही उरत नाही.

आता गार इंजिनाचं बघा. बाहेरची हवा थंड आहे एवढीच अडचण असती तर फारसं बिघडलं नसतं. खरी अडचण वेळेची असते. सेल्फवर इंजिन मिनिटाला जेमतेम दीडशे-दोनशे फेरे फिरतं, गारठलेली बॅटरी आणि घट्ट झालेलं ऑइल ते आणखी मंदावतं. पिस्टन सावकाश वर येतो तेवढ्यात दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती आणि हेड खेचून घेतात, शिवाय रिंगांवरून थोडी हवा निसटते. मग हवा ३००-३५० अंशांवरच अडकू शकते. प्रयोगशाळेत डिझेल याहूनही कमी तापमानाला पेटतं हे खरं, पण तिथे त्याला निवांत वेळ मिळतो. सिलिंडरमध्ये मिळतात काही मिलिसेकंद. तेवढ्यात ते पेटत नाही आणि न जळलेल्या डिझेलचा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर बाहेर येतो.

हीटर प्लग ही उणीव भरून काढतो, पण सगळी हवा तापवून नव्हे. धातूच्या बारीक नळीत तारेची गुंडाळी आणि तिच्याभोवती ठासलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड, अशी त्याची रचना असते. त्याचं टोक काही सेकंदांत लालभडक होऊन ८५० अंशांच्या आसपास जातं. फवाऱ्याची कड या टोकाजवळून जाते, तिथली वाफ आधी पेटते आणि ज्योत पुढे पसरते. दिवा विझणं म्हणजे टोक तापलं. बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिन सुरू झाल्यावरही प्लग थोडा वेळ चालू राहतात, त्यामुळे धूर आणि थरथर कमी होते.

एक नेहमीची केस सांगतो. चार सिलिंडरची गाडी सकाळी उशिरा सुरू होते, मिनिटभर हलते, पांढरा धूर टाकते आणि मग एकदम सुरळीत चालते. मी आधी चारही प्लगच्या वायरी काढून मल्टिमीटरने प्रत्येक प्लगचा रेझिस्टन्स बघतो. तिघांचा एक ओहमच्या आसपास आला आणि चौथ्याचा मीटरने अनंत दाखवला, तर त्या प्लगची गुंडाळी तुटलीय. त्याचा सिलिंडर इंजिन तापेपर्यंत मिस करत होता. चारही प्लग चांगले आणि तरी तापत नसतील तर रिले किंवा फ्यूज तपासायचा.

इथे दोन गोष्टी सांभाळा. अलीकडचे कित्येक प्लग १२ व्होल्टचे नसतात, कंट्रोल युनिट त्यांना कमी व्होल्टेज देतं. ‘तापतो का बघू’ म्हणून थेट बॅटरीला जोडले तर ते जळतात. आणि जुना प्लग थंड इंजिनात जोर लावून काढू नका. तो काजळीने धरलेला असतो, मोडला तर टोक हेडमध्येच राहतं. इंजिन गरम करून हळूहळू सोडवावा.

प्लग आणि वीजपुरवठा दोन्ही ठीक असूनही थंडीत तीच रड असेल, तर आणखी प्लग बदलण्यात पैसे घालवू नका, कॉम्प्रेशन मोजून घ्या. रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले असतील तर हवा पुरेशी तापतच नाही. आणि अशा वेळी काही जण हवेच्या पाइपमध्ये ईथरचा स्प्रे मारतात, तो हीटर प्लग असलेल्या इंजिनात कधीही मारू नका. तापलेल्या टोकावर तो भलत्या वेळी भडकतो आणि पिस्टन फुटू शकतो.