कच्च्या वहीतल्या बाणांची पूर्ण वाक्यं कशी करायची?

प्रश्न: मी सोलापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगोल. तासाला सर भरभर सांगतात, म्हणून बाण आणि अर्धे शब्द टाकत लिहितो. परीक्षेच्या तोंडावर वही उघडली की माझंच मला कळत नाही. या कच्च्या नोट्सवरून पूर्ण वाक्यांतल्या नोट्स कशा करायच्या?

उत्तर: तासाला घाईत लिहिताना नामं कागदावर उतरतात आणि क्रियापदं गळतात. सरांचं बोलणं कानात असेपर्यंत ती क्रियापदं आपण मनातल्या मनात भरतो, त्यामुळे ओळ पुरी वाटते. चार दिवसांनी नुसती नामं उरतात. म्हणून हे काम त्याच दिवशी रात्री करा, फार तर दुसऱ्या दिवशी कॉलेजला जायच्या आधी. एका तासाच्या नोट्सना साधारण पाऊण तास धरा.

सुरुवातीला कोरा कागद घेऊच नका. कोरा कागद समोर आला की हात आपोआप वही फेअर करायला लागतो, आणि फेअर केलेल्या वहीत तेच बाण सुंदर अक्षरात पुन्हा येतात. आधी कच्च्या पानावरच वेगळ्या रंगाच्या पेनाने काम करायचं. तुमच्याच विषयातलं उदाहरण घेऊ. प्रतिरोध पर्जन्यावरचं कच्चं पान साधारण असं दिसतं:

> प्रतिरोध प. – सह्याद्री ढग अडवतो
> प. बाजू पाऊस ↑, पू. ↓
> हवा ↑ → थंड 10/1000 → ढग → 6 (सु.उ.)
> उतरताना → गरम → सा.आ. ↓
> उदा. सोलापूर

आता प्रत्येक खुणेवर एक शब्द लिहा. दुसऱ्या ओळीतला वरचा बाण ‘जास्त’ सांगतो, तिसऱ्या ओळीतला तोच बाण ‘वर चढते’ सांगतो. आडव्या बाणांचंही तसंच. ‘हवा ↑ → थंड’ इथे ‘म्हणून’ आहे. ‘थंड → ढग’ इथे मधली एक पायरी गळली आहे. ‘ढग → 6’ इथे नुसतं ‘त्यानंतर’ आहे, कारण ढग झाल्यावर दर का बदलतो ते बाण सांगतच नाही, ते कंसातल्या ‘सु.उ.’मध्ये दडलं आहे. एका आडव्या बाणाचे बहुतेक वेळा ‘म्हणून’, ‘त्यानंतर’, ‘म्हणजेच’ यांपैकीच अर्थ असतात. कुठला ते ठरवता आलं नाही, तर तिथे गोल करा आणि पुढे चला. तो गोल म्हणजे सरांना विचारायचा प्रश्न.

आकड्यांना तीन प्रश्न विचारा: कशाचा, किती एककात, कुठे लागू? ‘10/1000’ म्हणजे वर चढणाऱ्या हवेचं स्वतःचं तापमान दर 1000 मीटरला सुमारे 10 अंश सेल्सिअसने उतरतं, आणि तेही ढग तयार होण्याआधी. ‘6’ हा ढगातून वर जाणाऱ्या हवेचा दर. इथे एक खड्डा आहे. वातावरणात उंचीनुसार तापमान सरासरी 1000 मीटरला 6.5 अंशांनी कमी होतं, हेही तुम्ही शिकला आहात. तो आकडा स्थिर वातावरणातला, आणि इथला 6 चढणाऱ्या ओल्या हवेचा. आकडे शेजारी-शेजारी असल्यामुळे उजळणीच्या वेळी दोन्ही एकच वाटतात. ‘चढणाऱ्या हवेचं तापमान’ असा कर्ता वाक्यात लिहिला की घोटाळा होत नाही. शिवाय ओल्या हवेचा दर ठरीव नसतो, हवेत बाष्प किती यावर तो कमी-जास्त होतो, म्हणून ‘सुमारे’ हा शब्द गाळू नका.

आता कोरा कागद घ्या. फुलस्केप, एकाच बाजूला लिहायचं, डावीकडे चार बोटं समास सोडायचा. वाक्य लिहिताना माझा एक हट्ट आहे: प्रत्येक वाक्यात कोण काय करतं हे दिसलंच पाहिजे. पहिल्याच ओळीत त्याचा उपयोग कळतो. ‘सह्याद्री ढग अडवतो’ हे दिसायला पूर्ण वाक्य आहे, पण चुकीचं आहे. डोंगर तयार ढगांना भिंतीसारखा अडवत नाही, तो वाऱ्याला वर चढायला लावतो आणि ढग त्या चढणीत तयार होतात. ‘अडवतो’ हे क्रियापद तसंच राहिलं, तर पुढचं सगळं स्पष्टीकरण निरर्थक होतं, कारण ढग आधीच तयार असतील तर हवा थंड होण्याची गरजच काय?

त्या पाच ओळींचं पक्कं रूप असं होईल:

> अरबी समुद्रावरून येणारा बाष्पयुक्त वारा सह्याद्रीला आडवा भिडतो आणि डोंगराच्या उतारावरून वर चढतो. वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून चढणारी हवा प्रसरण पावते आणि थंड होते. ढग तयार होईपर्यंत तिचं तापमान दर 1000 मीटरला सुमारे 10 अंश सेल्सिअसने कमी होतं. हवा दवबिंदूपर्यंत थंड झाली की बाष्पाचं सांद्रीभवन होतं आणि ढग बनतात. सांद्रीभवनात सुप्त उष्णता बाहेर पडते, म्हणून त्यापुढे हवा सावकाश थंड होते, दर 1000 मीटरला सुमारे 6 अंशांनी. बरंचसं पाणी पश्चिम उतारावर आणि माथ्यावर पाऊस होऊन पडतं. माथा ओलांडल्यावर हवा खाली उतरते, दाब वाढल्यामुळे आकुंचन पावते आणि दर 1000 मीटरला सुमारे 10 अंशांनी तापते. तापलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता घटते, म्हणून पूर्वेकडे पाऊस कमी पडतो. या पूर्वेकडच्या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

‘थंड → ढग’मधली गळलेली पायरी म्हणजे दवबिंदू. आणि ‘बरंचसं पाणी पाऊस होऊन पडतं’ हे वाक्य कच्च्या पानावर नव्हतंच. पण त्यावाचून पुढचं जुळत नाही: ढगातलं पाणी हवेतच राहिलं असतं, तर उतरताना त्याची पुन्हा वाफ झाली असती, त्या वाफेने उष्णता परत घेतली असती आणि हवा जादा तापलीच नसती. कच्च्या पानावर अशी पायरी नसेल तर पाठ्यपुस्तकात शोधा, आणि सापडेपर्यंत त्या जागी दोन ओळी रिकाम्या ठेवा. ‘त्यामुळे’ घालून भोक बुजवू नका. बुजवलेलं भोक महिन्याने दिसत नाही, रिकाम्या ओळी दिसतात.

वाक्यं खरी आहेत का, हे आकडे घालून तपासता येतं. समुद्रसपाटीला हवा 28 अंश आणि ढगांचा तळ 500 मीटरवर धरा. तिथपर्यंत हवा 5 अंशांनी थंड होऊन 23 वर येते. पुढच्या 500 मीटरला ती 3 अंशांनी थंड होते, म्हणजे 1000 मीटरच्या माथ्यावर 20. पलीकडे 500 मीटरपर्यंत उतरताना ती 5 अंशांनी तापून 25 होते. उंची तीच, पण पश्चिमेला 23 आणि पूर्वेला 25. ‘उतरताना गरम’ ही ओळ आता पटते, आणि ‘नुसती परत तेवढीच गरम का होत नाही’ याचंही उत्तर हाताशी येतं. हे गणित मुख्य मजकुरात घालू नका. समासात पेन्सिलीने दोन ओळींत राहू द्या.

राहिली शेवटची ओळ, ‘उदा. सोलापूर’. उदाहरण नुसतं नावाने राहिलं तर परीक्षेत तेही नावानेच उतरतं. त्याचं वाक्य करायला गेलात की मर्यादा समोर येतात. सोलापूर सह्याद्रीच्या माथ्यापासून दोनशे किलोमीटरांहून जास्त पूर्वेला आहे, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. म्हणून ‘सोलापुरात पाऊस कमी, कारण सह्याद्री’ एवढं लिहून भागत नाही. जून-जुलैत आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि पाऊस मात्र बेताचाच पडतो, ते पर्जन्यछायेने समजतं. सप्टेंबरातल्या पावसाला मात्र परतीच्या काळातले गडगडाटी ढग आणि बंगालच्या उपसागरावरून येणारी कमी दाबाची क्षेत्रं हे वेगळं कारण आहे. उदाहरणाचं वाक्य असं होईल: ‘सोलापूर पर्जन्यछायेत असल्यामुळे तिथे जून-जुलैत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून कमी पाऊस मिळतो.’ ‘जून-जुलैत’ हा एक शब्द वाक्य खरं ठेवतो.

गाईडमधली वाक्यं उतरवू नका. ‘सांद्रीभवनाची प्रक्रिया घडून येते’ यात कोण काय करतं ते दिसत नाही, कारण नाही, आणि त्या वाक्याला ‘का?’ विचारलं की ते गप्प बसतं. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल, तर अडलेली पायरी आधी त्या भाषेत मोठ्याने सांगून बघा. तिथेही अडलात तर विषय कळलेला नाही, तिथे सुचलं तर फक्त मराठी शब्द अडला आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हा फरक आधी कळलेला बरा. ‘ती’, ‘हे’, ‘त्यामुळे’ यांवरही नजर ठेवा. वरच्या परिच्छेदात ‘ती’ म्हणजे हवा की बाष्प, अशी शंका येईल तिथे नाम पुन्हा लिहा. वाचायला थोडं जड झालं तरी चालेल.

सगळ्याचीच वाक्यं करायची नाहीत. सह्याद्रीच्या छेदाची आकृती आकृतीच राहू द्या. फक्त तिच्यावर बाणांबरोबर 28, 23, 20, 25 हे आकडे टाका आणि खाली एका वाक्यात आकृती काय दाखवते ते लिहा. पावसाच्या तीन प्रकारांची तुलना तक्त्यात बरी. पण तक्त्यातल्या प्रत्येक प्रकाराला ‘हवा वर का चढते’ हा रकाना हवाच.

दोन दिवसांनी पान झाकून डाव्या समासात त्या परिच्छेदाचे प्रश्न लिहा: ढग झाल्यावर दर का घटतो? पाऊस पडला नसता तर काय झालं असतं? ज्या प्रश्नाचं उत्तर पानावरच्या एकाही वाक्यात सापडत नाही, तिथे वाक्य कमी आहे. ते त्याच वेळी भरून टाका.