दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे, मधे नेमकं होतं काय?

प्रश्न: जानेवारीत गुहागरला दोन दिवस होतो. दुपारी समुद्राकडून मस्त वारा, पण पहाटे बीचवर गेलो तर वारा पाठीमागून, गावाकडून येत होता. शाळेत "पाण्याची विशिष्ट उष्माधारकता जास्त" एवढंच घोकलेलं. पण तेवढ्यावरून वारा उलटा कसा काय फिरतो? कोणी नीट सांगेल का?

उत्तर:

माझं बालपण त्याच पट्ट्यात गेलंय आणि नंतर काही वर्षं पोरांना फिजिक्स शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न बघून राहवलं नाही, थोडं लांबेल, चालवून घ्या.

पहिली गोष्ट, ते घोकलेलं वाक्य चुकीचं नाही पण अर्धवट आहे. एक किलो पाणी एक डिग्रीने तापवायला सुक्या मातीच्या साधारण पाचपट उष्णता लागते, बरोबर. पण माती पाण्यापेक्षा जड असते, म्हणून बादलीभर पाणी आणि बादलीभर माती अशी तुलना केली तर फरक जेमतेम साडेतीन पटच उरतो. आणि प्रत्यक्षात काय दिसतं? गुहागरची वाळू दुपारी पाय भाजेल एवढी तापते आणि समुद्राचं पाणी दिवसभरात एक डिग्रीसुद्धा धड चढत नाही. साडेतीन पटीच्या हिशोबाने एवढा फरक पडायलाच नको ना!

खरी गंमत खोलीची आहे. वाळूत ऊन शिरत नाही, फक्त वरचा थर तापतो आणि ती उष्णता कणाकणातून खाली झिरपते, तेही अतिशय सावकाश. दिवसभरात फार तर वीत-दीड वीत. दुपारी अनवाणी उभे असाल तर पायाने वाळू उकरून बघा, थोडं खाली गेलं की थंड लागते. पाण्याचं उलट, ऊन काही मीटर आत जातं, आणि वर लाटा सगळं घुसळत असतात, म्हणजे जी काही उष्णता मिळाली ती एका जाड थरात वाटली जाते.

आता आकडे घालून बघू. जानेवारीत कोकणात एका चौरस मीटरवर दिवसभरात साधारण २० मेगाज्यूल ऊन पडतं असं धरा. समुद्राचा वरचा ५ मीटरचा थर घुसळला जातोय असं मानलं तर तेवढ्या पाण्याला एक डिग्री चढायला जवळपास २१ मेगाज्यूल लागतात. म्हणजे अख्ख्या दिवसाचं ऊन गिळून समुद्र एक डिग्रीने तापणार, आणि त्यातलं बरंचसं बाष्पीभवनात जातं म्हणून तेवढंही तापत नाही. जमिनीचा वरचा २० सेंटीमीटरचा सुका थर घ्या, त्याला एक डिग्रीसाठी पाव मेगाज्यूलसुद्धा लागत नाही. म्हणजे २१ भागिले पाव, ऐंशी-पंच्याऐंशी पटीचा फरक झाला! साडेतीन कुठे आणि पंच्याऐंशी कुठे. आता जमीन काही सगळं ऊन पोटात ठेवत नाही, बहुतेक उष्णता ती लगेच वरच्या हवेला देऊन टाकते, आणि आपल्याला वाऱ्यासाठी नेमकं तेच हवंय.

आता वारा. इथे बहुतेक लोक सांगतात की "गरम हवा वर जाते, पोकळी तयार होते, ती भरायला समुद्राची हवा धावते." पोकळीबिकळी काही होत नाही हो. काय होतं ते सांगतो. किनाऱ्यावर हवेचा एक उंच खांब कल्पना करा आणि तसाच एक समुद्रावर. सकाळी दोन्ही सारखे. ऊन चढलं की जमिनीवरच्या खांबातली हवा तापून फुगते, खांब थोडा उंच होतो. गंमत म्हणजे या क्षणी जमिनीलगतचा दाब अजून बदललेलाच नसतो, कारण डोक्यावर हवा तेवढीच आहे, फक्त पसरून बसलीय. पण समजा ५०० मीटर उंचीवर गेलात, तर तिथे जमिनीच्या बाजूला आता समुद्रापेक्षा जास्त हवा वर शिल्लक आहे, म्हणजे त्या उंचीवर दाब जास्त. मग आधी तिथली हवा समुद्राकडे सरकते. ती सरकल्यामुळे जमिनीवरच्या खांबातली हवा कमी होते, खालचा दाब उतरतो, समुद्रावरच्या खांबात भर पडते, तिथला दाब चढतो. आणि मग खाली, आपल्या नाकासमोर, समुद्राकडून जमिनीकडे वारा सुटतो. सगळं चक्र आहे, खाली आत येणारा आणि वर बाहेर जाणारा, वरचा आपल्याला जाणवत नाही एवढंच.

दाबाचा फरक किती असतो? ५०० मीटरचा थर सरासरी ३ डिग्रीने जास्त तापला तर फरक येतो साधारण ०.६ मिलिबार. एकूण दाब हजाराच्या वर, त्यात हा अर्ध्याहून थोडा जास्त मिलिबार! पण तो वीस-तीस किलोमीटरच्या अंतरात असतो ना, चढ अगदी तीव्र, त्यामुळे तेवढ्यावर ताशी १५-२० किलोमीटरचा वारा आरामात सुटतो.

तुमचा गुहागरचा दिवस घड्याळावर लावून बघू. जानेवारीत तिथलं समुद्राचं पाणी साधारण २६-२७ डिग्री, दिवसरात्र जवळपास तेच. जमिनीवरची हवा पहाटे १८-१९ पर्यंत उतरते आणि दुपारी ३१-३२ ला जाते. म्हणजे समुद्र मधे स्थिर उभा आहे आणि जमीन त्याच्या खालून वर, वरून खाली अशी ये-जा करतेय. हे चित्र एकदा डोक्यात बसलं की "रात्री उलटं का" हा प्रश्नच उरत नाही. रात्री समुद्र तापत वगैरे नाही (असं लिहिलेलं मी उत्तरपत्रिकांत कितीदा वाचलंय), तो जिथे होता तिथेच असतो, जमीन त्याच्या खाली उतरते. जमिनीने पातळ थरातच उष्णता साठवलेली, निरभ्र आकाश मिळालं की ती भराभर निघून जाते. आणि समुद्राचं वरचं पाणी जरा गार झालं की जड होऊन खाली बसतं, खालचं गरम वर येतं, म्हणून तो हलत नाही.

सकाळी साडेनऊच्या सुमारास जमीन आणि समुद्र बरोबरीला येतात. पण लगेच वारा फिरत नाही, आधीची चाल थांबून दाब उलटायला वेळ लागतो, शिवाय हिवाळ्यात वरून ईशान्येचा वारा असतोच, त्यालाही मागे रेटायचं असतं. मग अकरा-बाराच्या सुमारास खारं वारं लागतं. दुपारी जोर. अजून एक निरीक्षण, सुरुवातीला हा वारा सरळ पश्चिमेकडून येतो आणि संध्याकाळपर्यंत वायव्येकडून यायला लागतो. पृथ्वी फिरतेय त्यामुळे उत्तर गोलार्धात चालती हवा आपल्या उजवीकडे वळत जाते, आणि एवढे तास वाहत राहिलं की ते वळण आपल्याला कळण्याइतकं होतं. पतंग उडवणाऱ्या पोरांना हे न शिकवता कळतं.

सूर्यास्ताला वारा उलटा होतो असा अजून एक समज आहे. नाही, जमीन २६ च्या खाली यायला रात्रीचे आठ तरी वाजतात. मधे तो कंटाळवाणा काळ, जेव्हा पान हलत नाही आणि डासांची चैन असते. दहा-अकरानंतर मतलई हळूच सुरू होते आणि पहाटे सगळ्यात चांगली जाणवते, तुम्हाला लागली तीच. ती दिवसाच्या वाऱ्याच्या मानाने मंद असते, कारण रात्री गार हवा जमिनीला चिकटून राहते, थर पातळ असतो, दीड-दोनशे मीटरचा वगैरे, आणि झाडं-घरं त्याला अडवतात. कोकणात तिला सह्याद्रीची मदत होते, डोंगरउतारावरची गार हवा नद्यांच्या खोऱ्यांतून खाली घरंगळत येते आणि मतलईला मिळते. आमच्या शेजारचे नाखवा सांगायचे, इंजिन नव्हतं तेव्हा पहाटे मतलईवर शीड सोडून बाहेर जायचं आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत, वल्ह्याला फारसा हात लावायचा नाही. जो उशिरा उठला तो गेला.

आता हे रोज असंच होतं असं समजू नका. पावसाळ्यात विसरा, नैऋत्येचा वारा एवढा दांडगा आणि वर ढग, जमीन तापणार कधी! मे महिन्यात पण फसाल. तेव्हा समुद्र २९-३० आणि रात्री जमीन २७ च्या आसपास, फरक एवढासाच, त्यात पश्चिमेचा वारा कायमचा चालू, त्यामुळे मतलई बहुतेक वेळा लागतच नाही. म्हणून तुम्ही मे मधे गेला असतात तर हा प्रश्न पडलाच नसता.

आणि उलटी फसवणूक बघायची असेल तर मार्च-एप्रिलमधली मुंबई बघा. एरवी अकरा-बाराला खारं वारं येतं आणि तापमान ३२-३३ ला अडवून धरतं. पण कधीकधी पूर्वेकडून, घाटावरून, कोरडा गरम वारा जोरात असतो, तो समुद्राच्या वाऱ्याला किनाऱ्यावरच रोखतो. दोन-अडीचपर्यंत वारं आलं नाही की पारा ३८-४० ला टेकतो. सांताक्रूझचा १४ एप्रिल १९५२ चा ४२.२ डिग्रीचा विक्रम हा याच उन्हाळी टप्प्यातला. अशा दिवशी उशिरा का होईना वारं शिरलं की अक्षरशः अर्ध्या तासात तीन-चार डिग्री उतरतं, अंग मात्र चिकचिकायला लागतं कारण दमट हवा आलेली असते. कुलाब्याला हे आधी कळतं, तिन्ही बाजूंनी पाणी, म्हणून तिथलं तापमान सांताक्रूझपेक्षा अशा दिवशी चांगलंच कमी दिसतं.

पुढच्या वेळी हिवाळ्यात गेलात तर एक करा. सकाळी साडेआठला बीचवर उदबत्ती पेटवून वाळूत खोचा. धूर समुद्राकडे झुकेल. तिथेच चहा-नाश्ता करत बसा, नऊ-साडेनऊनंतर तो डगमगायला लागेल, मग थोडा वेळ सरळ वर जाईल, आणि एकामागून एक उदबत्त्या लावत राहिलात तर अकरा-बाराच्या सुमारास कधीतरी गावाकडे वळेल. तो सरळ धुराचा वेळ मी एकदा मोजला होता, वीस मिनिटं भरली होती.