मॅपनं वळायला सांगितलं, पण पाटी काय सांगत होती?

प्रश्न: सदाशिव पेठेत कारनं जाताना मॅपनं डावीकडे वळायला सांगितलं. वळलो तर वन-वे निघाला आणि चलान आलं. मॅपचा स्क्रीनशॉट दाखवून ते रद्द होईल का?

नाही. मी शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो. असे स्क्रीनशॉट घेऊन लोक येतात, आणि प्रत्येकाला मी उलट विचारतो: वळताना तिथे पाटी होती का?

मोटार वाहन कायद्याचं कलम 119 चालकाला सांगतं की सक्तीच्या वाहतूक चिन्हाप्रमाणे गाडी चालवा. ‘प्रवेश बंद’ची लाल गोल पाटी त्यातच येते. मॅपवाली कंपनी रस्ता कुणासाठी खुला करू शकत नाही आणि बंदही करू शकत नाही. शेजारी बसलेल्या मेहुण्यानं ‘घाल रे डावीकडे’ म्हणावं, तेवढंच तिचं वजन.

‘चुकून झालं’ हा बचाव कायद्यात आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 17 मध्ये वस्तुस्थितीबद्दलच्या गैरसमजाला सूट मिळते, पण ती कृती सद्भावनेनं केलेली असावी लागते. सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट कायदा सद्भावनेची मानतच नाही. तोंडासमोरची पाटी सोडून डॅशबोर्डवरच्या निळ्या रेघेकडे बघितलं, तर काळजी घेतली असं कोण म्हणेल? शिवाय पेठांत समांतर गल्ल्या इतक्या जवळ आणि दोन्हीकडे इमारती, की फोनला कधी कधी आपण शेजारच्या गल्लीत आहोत असं वाटतं. मग तो तिथलं वळण इथे सांगतो.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. स्क्रीनशॉट दाखवताना ‘फोन हातात धरून मॅप बघत होतो’ असं बोलून जाऊ नका. ऑक्टोबर 2020 पासून नियमांत रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायला मुभा आहे, पण लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. वन-वेत शिरलेला माणूस ‘माझं लक्ष विचलित झालं नव्हतं’ हे कुठल्या तोंडानं सांगणार?

आता खरा बचाव. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, गणपतीच्या दिवसांतलं चलान घेऊन. त्यांचाही आधी मॅपवरच भर. मी म्हटलं, ते ठेवा बाजूला, डॅशकॅम आहे का? होता. फुटेज सावकाश पाहिलं तेव्हा दिसलं की पाटी खांबावर होती, पण मांडवाचा पत्रा आणि त्यावरचा फ्लेक्स यांमागे पूर्ण झाकलेली. वळून गाडी गल्लीत सरळ झाल्यावर तिची कड दिसत होती. आम्ही वळणाआधीची, वळतानाची आणि वळल्यानंतरची चित्रं वेळेसकट काढली. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवरून, चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो घेतले. हे सगळं ई-चलानच्या तक्रारीला जोडलं, आणि मॅपचा उल्लेखसुद्धा केला नाही. चलान मागे घेतलं गेलं.

हे चाललं, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 खाली घातलेली बंदी लोकांना कळावी म्हणूनच कलम 116 मध्ये पाट्या लावायची तरतूद आहे. पाटी दिसतच नसेल, तर तिचं उल्लंघन कसलं? बंदीचा आदेश आणि पाटीची जागा माहिती अधिकारात वाहतूक शाखेकडून मागवता येते. दहा रुपये फी, उत्तराची मुदत 30 दिवस. पण सणाच्या बंदीला ‘राजपत्रात कुठे आहे?’ असं विचारत बसू नका. महिनाभरापर्यंतच्या बंदीला राजपत्र लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते.

तुमच्या बाबतीत आजच त्या कोपऱ्यावर जाऊन या. तुम्ही ज्या दिशेनं आलात तिकडूनच चालत या आणि फोटो काढा. झाडाच्या फांदीआड, वाकलेल्या खांबावर किंवा रंग उडालेली पाटी असेल, तर लढण्यासारखं आहे. ती लख्ख दिसत असेल, तर दंड भरून मोकळे व्हा.

चलानवरचं कलमही बघून घ्या. 177 असेल तर पहिल्या वेळेला 500 रुपयांत भागतं. 184 असेल तर प्रकरण वेगळं. 2019 च्या दुरुस्तीपासून वाहतुकीच्या ठरलेल्या दिशेविरुद्ध गाडी हाकणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोजता येतं, आणि त्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड, कैदेचीही तरतूद आहे. तोंडाशीच चूक कळून थांबलेला आणि समोरच्या रिक्षांना हॉर्न देत गल्ली पार करणारा, यांत फरक इथे पडतो. तुम्ही कळल्याबरोबर थांबला असाल आणि तरी 184 लावलं असेल, तर गाडी नेमकी किती आत गेली होती हे चलानच्या फोटोत तपासा. तक्रार त्याच मुद्द्यावर करा.