गार्सिया हे ‘मधलं नाव’ नाही, आणि मार्केस हे एकटं आडनावही नाही

प्रश्न : आमच्याकडे कोलंबियाचे एक पाहुणे येणार आहेत. त्यांच्या नावात शेवटी दोन आडनावं आहेत आणि आमच्या फॉर्मात ‘सरनेम’ची चौकट एकच. पहिलं आडनाव ‘मिडल नेम’मध्ये टाकलं तर चालेल का? की दोन्हींच्या मध्ये जोडरेघ द्यायची? पोर्तुगीज नावांनाही हाच नियम का?

उत्तर : नाही, नाही आणि नाही.

आपल्याकडे मधली जागा वडिलांची किंवा नवऱ्याची, म्हणून तीन शब्दांचं कुठलंही नाव दिसलं की आपला हात मधल्या शब्दाला ‘मिडल’मध्ये ढकलतो. स्पॅनिश पद्धतीत मधलं नाव हा प्रकारच नाही. आधी नाव, मग वडिलांचं पहिलं आडनाव, मग आईचं पहिलं आडनाव. कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचे वडील गार्सिया, आई मार्केस. मराठी परीक्षणांत त्यांना सर्रास नुसतं ‘मार्केझ’ म्हणतात, म्हणजे त्यांना आजोळचं आडनाव लावतात. ग्रंथालयात ते सापडतात ‘ग’च्या कपाटात.

तेव्हा दोन्ही आडनावं, आहेत त्याच क्रमाने, मध्ये फक्त मोकळी जागा ठेवून ‘सरनेम’च्या चौकटीत लिहायची. ‘मिडल नेम’ रिकामं सोडायचं. नाव दोन शब्दांचं असेल, उदाहरणार्थ गाब्रिएल होसे, तर दोन्ही शब्द पहिल्या नावाच्या चौकटीत. मिडल नेम सक्तीचं असेल तरच त्यातला दुसरा शब्द तिथे द्यावा, आडनाव कधीच नाही.

कुठला शब्द नाव आणि कुठला आडनाव हे ओळखता येत नसेल तर अंदाज करू नका. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. त्यातली वरची ओळ अशी दिसते :

```
P<COLGARCIA<MARQUEZ<<GABRIEL<<<<<<<<<<<<<<<<
```

`COL` म्हणजे कोलंबिया. त्यानंतर जिथे `<<` अशी जोडखूण येते तिथे आडनाव संपतं आणि नाव सुरू होतं. एकटं `<` म्हणजे नुसती मोकळी जागा. ही ओळ नेहमी ४४ खुणांची असते, उरलेली जागा `<` ने भरलेली. स्वराघात तिथे गळतात, म्हणून Á चं `A` झालं तर ती चूक समजू नये. Ñ चं बहुधा `N` होतं. कुठे `NXX` दिसलं तर ते XX फॉर्मात उतरवू नये, ती यंत्राची सोय आहे. फॉर्म मोकळी जागाच घेत नसेल तर `GARCIAMARQUEZ` असं सलग लिहावं. विमानाच्या तिकिटावर ते तसंच छापून येतं आणि त्याने काही अडत नाही. अक्षरांची मर्यादा आड आली तर काट शेवटून मारायची, पहिलं आडनाव अखंड ठेवायचं. एकच शब्द घ्या असा हट्टच असेल तर `GARCIA`.

जोडरेघ का नको? कारण स्पॅनिशमध्ये जोडरेघेला अर्थ आहे. रेघ असली की दोन शब्द मिळून *एकच* आडनाव होतं, आणि वाचणारा आईचं आडनाव पुढे शोधू लागतो.

खरी गंमत कुटुंबाचा अर्ज भरताना होते. मार्केसांच्या, छे, गार्सिया मार्केसांच्याच घरचं पाहा. पत्नी मेर्सेदेस बार्चा पार्दो. लग्नानंतर स्पॅनिश पद्धतीत बायकांचं आडनाव बदलत नाही. मुलगे रोद्रिगो आणि गोन्सालो, दोघेही गार्सिया बार्चा. म्हणजे नवरा, बायको आणि मुलं यांची आडनावांची चौकट तीन तऱ्हेची, आणि तिन्ही बरोबर. एका आडनावाचं कुटुंब गृहीत धरणारा कारकून इथे हमखास ‘दुरुस्ती’ करतो आणि पासपोर्टशी न जुळणारी कागदपत्रं तयार होतात. त्यातही पहिलं आडनाव वडिलांचंच असेल असं धरून चालू नका. स्पेनमध्ये १९९९च्या कायद्याने आईचं आडनाव आधी लावायची मुभा दिली, आणि २०१७पासून नोंदणीत वडिलांना आपोआप मिळणारा अग्रक्रमही गेला.

यावर काही जाणकार ‘मग लोर्काचं काय, पिकासोचं काय?’ असं विचारतात आणि आपण मुद्दा जिंकला अशा थाटात बसतात. स्पॅनिश कवी लोर्का हे गार्सिया लोर्का. गार्सिया गल्लोगल्ली, म्हणून लोक बोलताना आईकडचं वेगळं आडनाव वापरतात. पिकासो हे रुइस पिकासो, त्यांनी स्वतःच आईचं आडनाव सहीला निवडलं. बोलण्यातली सोय आणि कलावंताची सही यांवरून फॉर्मचा नियम काढणं म्हणजे पु. ल. म्हणतात म्हणून त्यांचं आधार कार्ड ‘पु’ने शोधण्यासारखं.

आता पोर्तुगीज. तिथे क्रम उलटा : रूढीने आईचं आधी, वडिलांचं शेवटी. कवी फेर्नांदु पेसोआ यांच्या पूर्ण नावात नोगेइरा आईचं, पेसोआ वडिलांचं. एकच शब्द द्यायचा तर इथे *शेवटचा* द्यायचा. पोर्तुगालमध्ये आडनावं चारपर्यंत असू शकतात. ती पासपोर्टातल्या आडनावाच्या रकान्यात जेवढी असतील तेवढी, `DE`, `DOS` यांसकट उतरवावीत. क्रिस्तियानो रोनाल्डो दुस सांतुस आवेइरो या नावात रोनाल्डो हे आडनावच नाही. आई सांतुस, वडील आवेइरो. ब्राझिली नावाच्या शेवटी फिल्यो किंवा नेतो आलं तर ते बहुधा ‘मुलगा’, ‘नातू’ अशी पिढीची खूण असते. ते आधीच्या आडनावाबरोबर ठेवावं, एकटं `NETO` लिहू नये.

पण या सगळ्यात मला खरं वेड लावलं ते ‘आपेयीदो’ने. स्पॅनिशमध्ये आडनावाला हाच शब्द. मूळ लॅटिन ‘अपेल्लारे’, हाक मारणे. कोश बघून लोक इथेच थांबतात : ज्याने हाक मारतात ते आपेयीदो, झालं. पण मध्ययुगीन स्पेनच्या कायद्यांत आपेयीदो म्हणजे शत्रू आला की गावाने शस्त्रं घेऊन जमावं म्हणून दिलेली आरोळी, आणि त्या आरोळीवर जमलेली माणसंसुद्धा! माझं मत असं की आडनावाचा अर्थ या आरोळीतून आला : ज्या नावाच्या गर्जनेला आपली माणसं धावून येतात ते कुळाचं नाव. ‘हर हर महादेव’ आडनाव झालं असतं तर जे झालं असतं ते. ‘नुसती हाक’वाल्यांनी एवढं सांगावं, की हाक मारायला आडनाव वापरतं कोण? हाक तर पहिल्या नावाने मारतात.

पुढे या शब्दाने आणखी उलटी उडी मारली. पोर्तुगालमध्ये ‘आपेलिदो’ म्हणजे आडनाव, ब्राझीलमध्ये तोच शब्द म्हणजे टोपणनाव. ब्राझीलमध्ये आडनाव म्हणजे ‘सोब्रेनोमी’, अक्षरशः ‘वरचं नाव’. आणि त्याचाच सख्खा भाऊ ‘सोब्रेनोम्ब्रे’ स्पॅनिशमध्ये पुन्हा टोपणनाव! म्हणून लिस्बनच्या फॉर्मात `Apelido` समोर आडनाव भरायचं, आणि साओ पाउलोच्या फॉर्मात त्याच शब्दासमोर, घरी बंड्या म्हणत असतील तर, बंड्या.