कापायचे असेल, तर आधी दोन्ही टोके पाहा

लांबलेला लेख आटोपशीर करायचा असेल, तर मधल्या परिच्छेदांना हात लावण्यापूर्वी त्याची सुरुवात आणि शेवट तपासावा. मधले एखादे वाक्य काढले, की पुढच्या वाक्यातला ‘त्यामुळे’ निराधार होतो आणि सांधा पुन्हा जुळवावा लागतो. टोकांना सांधा एकाच बाजूला असल्याने तेथील काटछाट सर्वांत कमी श्रमाची असते.

समजा, भूजलावरील लेख असा सुरू होतो: ‘पाणी म्हणजे जीवन. आज पाण्याचा प्रश्न गंभीर झाला आहे. या लेखात आपण भूजलाचा विचार करणार आहोत. उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त झाला, की विहिरीची पातळी खालावते.’ पहिली तीन वाक्ये झाकून चौथ्यापासून वाचा. काहीच अडले नाही, तर ती वाक्ये तुम्हाला विषयापर्यंत पोहोचण्यासाठी हवी होती, वाचकाला नव्हे. मात्र त्यांत एखादी व्याख्या दडलेली असेल, तर ती पुढे हलवावी.

शेवटाकडे ‘थोडक्यात’ किंवा ‘अशा प्रकारे’ या शब्दांपासून खालचे प्रत्येक विधान आधी कोठे आले आहे, ते शोधा. सर्व सापडली, तर तो परिच्छेद निःशंकपणे काढावा. पुनर्भरणाचा वेग खडकानुसार बदलतो, असे एखादे नवे विधान तेथेच प्रथम आले असेल, तर ते त्याच्या योग्य जागी न्यावे. भाषणाच्या मसुद्यात मात्र शेवटची उजळणी ठेवावी, कारण श्रोत्याला पान मागे उलटता येत नाही.