लिंक्डइनवरील सारांश फुशारकीचा वाटतो का?

प्रश्न: मी शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रीत क्वालिटी इंजिनिअर आहे. माझ्या सारांशाची सुरुवात अशी आहे: ‘मी अत्यंत मेहनती, निष्णात आणि कास्टिंग क्षेत्रातील आघाडीचा तज्ज्ञ आहे.’ हे फुशारकीचे वाटते का? काय बदलू?

उत्तर: होय, वाटते, कारण ‘निष्णात’, ‘आघाडीचा’ या विशेषणांना ‘कशावरून?’ असे विचारले, तर पुढे उत्तर सापडत नाही. त्याहून मोठी उणीव म्हणजे आपण कोणाची कोणती अडचण सोडवता, हे त्यातून कळत नाही. सारांशाला 2,600 अक्षरांची मर्यादा असली, तरी न उघडता सुरुवातीच्या मोजक्याच ओळी दिसतात, म्हणून ही गोष्ट तिथेच यायला हवी. उदाहरणार्थ: ‘ग्रे आयर्न कास्टिंगमधील ब्लोहोल आणि सँड इन्क्लुजनमुळे होणारे रिजेक्शन कमी करण्याचे काम मी करतो, त्यासाठी सँड टेस्टिंगचे निकाल आणि रिजेक्शनच्या नोंदी रोज ताडून पाहतो.’

भरती करणारे ज्या शब्दांनी उमेदवार शोधतात, ते शब्द या वाक्यात आपोआप आले आहेत. उरलेले शब्द आपल्याला हव्या असलेल्या पदाच्या चार-पाच जाहिराती वाचून, त्यांत वारंवार येणाऱ्यांतून निवडावेत. मात्र मुलाखतीत ज्यावर बोलता येणार नाही, तो शब्द घालू नये. नुसती शब्दांची माळ लावल्यास वाचणाऱ्याला काहीच बोध होत नाही.

आकडा देणे फुशारकी ठरत नाही, इतरांचे श्रेय लाटणे मात्र फुशारकी ठरते. समजा, रिजेक्शन 8 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आले असेल, तर कोणत्या पार्टचे, किती काळात आणि त्यात मोल्डिंग विभागाचा वाटा कोणता, हेही लिहावे.